वहिनीच्या सुरातल्या चुका

मला घरात सगळे छोटी म्हणतात. मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, केस पांढरे झालेत, पण मोठा भाऊ जिवंत असेपर्यंत ही छोटी काही मोठी व्हायची नाही. दादाच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं. कपडे आत घेणं, बाहेर सोडणं, चेन बदलणं, पँटची उंची कमी करणं, असलं. मधल्या भिंतीपलीकडे वहिनीची खोली आहे. ती व्हायोलिन शिकवते. बावीस वर्षं माझं मशीन आणि तिचं व्हायोलिन एकमेकांना शिव्या देत एका छपराखाली नांदतायत.

वहिनी कशी आहे ते सांगायचं तर आधी तिचे पाय सांगायला हवेत. ती एका जागी ठरत नाही. फोनवर बोलताना खोलीला फेऱ्या, भाजी चिरताना अर्धी चिरून खिडकीशी, खिडकीतून परत भाजीशी. फक्त कुणी समोर बसून वाजवत असेल तर ती दगडासारखी बसते. एकदा एका पोराने अख्खा तास बेसूर वाजवलं. माझ्या हातातली सुई दोनदा बोटात गेली, आणि ही बया मान तिरकी करून ऐकत होती, जणू कोणी तिला गुपित सांगतंय.

आणि ती एक रचना. वहिनी ती कुणाला शिकवत नाही, स्वतःसाठी वाजवते, घरात कुणी नाही असं तिला वाटतं तेव्हा. मी असतेच, पण मी तिच्या हिशेबी नसल्यात जमा. तिसरी ओळ संपते तिथे डावा हात तारांवरून एकदम वर न्यावा लागतो आणि तिथेच ती चुकते. लग्नाआधी एका मोठ्या परीक्षेत, तीन परीक्षकांसमोर ती तिथेच चुकली, थांबली आणि व्हायोलिन पेटीत बंद करून निघून आली. त्यानंतर तिने लोकांसमोर वाजवायचं सोडलं. शिकवू लागली. मला त्या रचनेच्या पहिल्या तीन ओळी तोंडपाठ आहेत. मशीन चालवताना गुणगुणते आणि तिच्यासारखीच तिथेच थांबते, कारण पुढे काय आहे ते मला ठाऊकच नाही.

तर यंदा झालं असं, की तिच्याकडे एका मोठ्या शाळेचं पत्र आलं. संगीतशिक्षिकेची जागा, पूर्ण वेळ. एका वर्गात चाळीस मुलं, सगळ्यांना एकच गाणं, आणि खाली एक अट की बाहेरच्या खाजगी शिकवण्या बंद कराव्या लागतील. तीन आठवड्यांत, तिसऱ्या शुक्रवारपर्यंत, हो की नाही ते कळवायचं. दादाने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाला, तुझं तू ठरव, मी मधे पडत नाही. दादा कधीच मधे पडत नाही. म्हणून तर या घरात मधे पडायचं काम माझ्याकडे आलंय.

खरं तर वहिनीने लगेच नाही म्हटलं असतं. पण तिच्या शिकवण्या ओस पडत चालल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी येणारी मुलं दुसऱ्या गावांना गेली, तेव्हा तिने त्यांना व्हिडिओवर शिकवायला सुरुवात केली, आठवड्यातून एकदा पाऊण तास. मीच फोन उभा करून दिला होता, दोऱ्याच्या रिळांच्या डब्यावर. आधी आवाज तुटायचा. लांब सूर लावला की फोनला तो गोंगाट वाटायचा आणि तो गिळून टाकायचा. मग कुणीतरी सांगितलं, सेटिंगमध्ये आवाज जसाच्या तसा पाठवायची सोय असते. ते केल्यावर जरा बरं झालं. पण एकत्र वाजवता येईना. आवाज पोचायला उशीर लागतो, त्यामुळे इकडची टाळी तिकडे पोचेपर्यंत तिकडचा पुढच्या मात्रेवर गेलेला. आणि दर आठवड्याला तेच रडगाणं, मॅडम, घरी छान येत होतं. एकेक जण गळत गेला. असे व्हिडिओवरचे तास घेणारे तर गल्लोगल्ली झालेत. तिच्याकडेच का यावं, याचं उत्तर तिलाच सापडत नव्हतं.

पहिला आठवडा तिने नुसता घरभर चालून काढला. सकाळी एक कल्पना, दुपारी तिचं वाटोळं. आधी म्हणाली, धडे रेकॉर्ड करून ठेवते, ज्याला हवं त्याने घ्यावे. मग तिनेच मोजलं की फुकटात असले धडे किती मिळतात आणि तो बेत सोडला. मग म्हणाली, चार आठवड्यांत एक गाणं, असं काहीतरी काढू. मी विचारलं, पाचव्या आठवड्यात माणूस काय करेल? त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप बॉबिन भरायला घेतली. मग दहा जणांचं मंडळ सुचलं. सगळ्यांनी आपापला आवाज बंद करून तिच्यासोबत वाजवायचं, म्हणजे उशिराची भानगड नको. पण मग तिला कुणाचंच ऐकू येणार नाही, आणि ऐकण्याखेरीज तिला येतं काय? ते ती स्वतःच म्हणाली, आणि त्या दिवशी तिने खुर्ची तीनदा जागेवरून हलवली.

माझं डोकं फिरलं ते शनिवारी. एक गिऱ्हाईक ब्लाऊज घेऊन आलं होतं. तिने घरीच दुरुस्त करायला घेतलेला. काखेत जरा ओढत होतं, तर या बाईने गळ्यापासून सगळी शिवण उसवून ठेवलेली. मी तिला झापलं की बाई, जिथे बिघडलं तिथून उसवायचं, चांगली शिवण कशाला उकरायची? ती गेली आणि वहिनी दारात उभी. पाय थांबलेले. मला वाटलं, गिऱ्हाइकाशी नीट बोल म्हणून आता मलाच ऐकवणार.

तिने मला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग धाडकन बसली आणि सांगू लागली. तिची मुलं काय चुकतात हे तिला त्या पाऊण तासात कळतंच. पण चूक तिथे होत नसते. ती होते उरलेल्या सहा दिवसांत, बंद दाराआड. प्रत्येक जण अडला की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतो. म्हणून सगळ्यांची पहिली ओळ सोन्यासारखी आणि शेवटची चिंध्या. ती रियाज ऐकतच नव्हती, रियाज उरकून आलेली तोंडं बघत होती. दर आठवड्याला तास घेण्यापेक्षा तिला त्यांचा रियाजच ऐकायला हवा होता.

मग मात्र ती सुटली. तिथल्या तिथे, माझ्या मापांच्या वहीच्या मागच्या पानावर, सगळं लिहून काढलं. विद्यार्थ्याने आठवड्यातून दोनदा आपला वीस मिनिटांचा रियाज रेकॉर्ड करून पाठवायचा. जसा झाला तसा, न कापता, न सजवता. ती एका दिवसात तो पूर्ण ऐकणार आणि आपल्या आवाजात उत्तर पाठवणार. मिनिट-सेकंद सांगून, की या ठिकाणी तू थांबलास, इथे घाई केलीस, इथून आता सुरुवात कर. पुढच्या वेळेसाठी काम एकच द्यायचं, दोन नाही. पंधरा दिवसांतून एकदा समोरासमोर बसायचं, पण तेव्हाही वाजवून दाखवायचं नाही, समोर रियाज करायचा. वीस मिनिटं ऐकायला आणि बोलायला तिचा पाऊण तास जाणार, म्हणून आठच माणसं घ्यायची, नववं नाही. आणि मुलांऐवजी मोठी माणसं. ज्यांना परीक्षा द्यायची नाही, फक्त वाजवायचंय, त्यांना रियाज कसा करायचा हेच कुणी शिकवलेलं नसतं.

मला पटलं. मला सहसा काही पटत नाही, पण हे पटलं. तिने जुन्या ओळखीच्या सहा जणांना विचारलं, पंधरा दिवस करून बघूया का. त्यातला एक लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री, दहा वर्षांपूर्वी तिच्याकडे शिकून सोडलेला. एक दातांची डॉक्टर. बाकी चौघेही असेच, पोटापाण्याच्या उद्योगात असलेले. सगळे हो म्हणाले. वहिनीने मनाशी ठरवलं की यातले पाच टिकले तर शाळेला नाही म्हणायचं. टिकले नाहीत तर व्हायोलिनची पेटी माळ्यावर आणि चाळीस मुलांना एकच गाणं.

लोकांना कल्पना यावी म्हणून तिने स्वतःचा एक नमुना रेकॉर्ड केला. बघा, मीसुद्धा अशी चुकते, अशी थांबते, मग असं तिथूनच सुरू करते. मी भिंतीपलीकडून ऐकलं. छानच वाटलं. इथेच माशी शिंकली, पण ते तेव्हा आम्हाला कळलं नाही.

पहिली रेकॉर्डिंगं आली आणि वहिनीचा चेहरा पडला. वीस मिनिटं कुणाचीच नव्हती. डॉक्टरबाईंची चार मिनिटं, स्वच्छ, चकचकीत. एकाने तर आधी दहादा वाजवून अकरावं पाठवलं असावं. कुठे अडखळणं नाही, खोकला नाही, खुर्चीचा आवाज नाही. वहिनीने सगळ्यांना पुन्हा लिहिलं, कृपा करून कापू नका. पुढची आली तीही तशीच, फक्त सहा मिनिटांची. दोघांनी काही पाठवलंच नाही, कामात आहे म्हणाले. ती प्रत्येकाला उत्तर देत होती, पण सांगण्यासारखं काही नव्हतंच. लोक तिला तोंडं धुऊनच दाखवत होते. शुक्रवार चार दिवसांवर आला. ती रात्रंदिवस फेऱ्या मारत होती. दादाने एकदा वाटेतली चटई उचलून ठेवली, तिचा पाय अडकू नये म्हणून. दादाचं मधे पडणं इतकंच.

मंगळवारी लिफ्टवाला मिस्त्री आला. आमच्या समोरच्या इमारतीत त्याचं काम होतं, हातावर ग्रीस तसंच. माझ्या दुकानात उभा राहून हात पुसत राहिला. मला म्हणाला, ताई, मॅडमशी एक बोलायचंय, रागावणार नाहीत ना. मी म्हटलं, रागवायचं काम माझं आहे, तुम्ही बोला. वहिनी बाहेर आली. तो बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "मॅडम, तुमच्या चुका सुरात आहेत."

वहिनीला समजलं नाही. मलाही नाही.

त्याने समजावून सांगितलं. लिफ्टची मोटर बिघडायला लागली की तो नुसता कान लावून ओळखतो. वहिनीचा नमुना त्याने चार वेळा ऐकला. खरी चूक दोन सुरांच्या मधे कुठेतरी पडते, बोट थोडं अलीकडे किंवा पलीकडे पडतं. वहिनीची प्रत्येक चूक मात्र बरोब्बर शेजारच्या सुरावर जाऊन पडत होती, स्वच्छ. म्हणजे ती ठरवून चुकत होती. थांबत होती तेही मात्रा मोजून. तो खाली बघत म्हणाला, "तुम्ही खोटं चुकलात, मग आम्ही कुठल्या तोंडाने खरं पाठवायचं?"

वहिनी आत गेली आणि पहिल्यांदाच फेऱ्यांचा आवाज आला नाही. मिस्त्री घाबरून निघून गेला. मी त्याला दारापर्यंत सोडून आले. खरं सांगते, मला त्याचा राग आला होता, आणि राग यायचं कारण एवढंच, की बावीस वर्षं भिंतीपलीकडे राहून हे मला ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी माझ्या दुकानात व्हायोलिन घेऊन आली. म्हणाली, तुझं मशीन चालू ठेव, मी रोज त्याच्याच आवाजात वाजवते. फोन रिळांच्या डब्यावर ठेवला, बटण दाबलं. आणि ती रचना सुरू केली. तीच. मी पायडल मारत राहिले.

पहिली ओळ, दुसरी, तिसरी. हात वर गेला आणि सूर घसरला. हा घसरलेला सूर मी ओळखत होते. वहिनीने गज खाली घेतला, ओठ चावला, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तीन ओळी, पुन्हा घसरला. पुन्हा पहिल्यापासून. पाचव्या वेळी तिच्या कपाळावर घाम आला होता. सहाव्यांदा तिने पहिल्या ओळीला गज लावला आणि माझा तोल गेला.

"अगं वहिनी, तू तर गळ्यापासून उसवतेयस," मी ओरडले. "बावीस वर्षं गळ्यापासूनच उसवतेयस."

फोन चालू होता, हे ओरडून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. मी जीभ चावली. वहिनी गज हवेत धरून माझ्याकडे बघत राहिली. आता ही रडते की मला हाकलते असं मला वाटलं. ती हसली. आधी नाकातून, मग खदाखदा, व्हायोलिन मांडीवर ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी पण हसले, पण मला हसू कमी आणि रडू जास्त येत होतं. इतकी वर्षं ती दुसऱ्यांना जे सांगत आली ते तिने स्वतःला कधी सांगितलंच नव्हतं, आणि मी रोज ते ऐकत बसले होते.

तिने ते रेकॉर्डिंग कापलं नाही. माझं ओरडणं, हसणं, मशीनची घरघर, सगळं तसंच सहा जणांना पाठवलं. सोबत स्वतःलाच उत्तर दिलं, जसं विद्यार्थ्यांना देते तसं. एक मिनिट दहा सेकंद, हात वर नेताना अंगठा घट्ट धरलाय. तीन मिनिटांवर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, गरज नव्हती. पाच मिनिटं चाळीस सेकंद, तेच. आठ मिनिटांवर नणंदेने बरोबर सांगितलं. काम एकच, पुढच्या वेळी तिसऱ्या ओळीच्या शेवटच्या दोन सुरांपासून सुरू करायचं.

संध्याकाळपासून फोन वाजायला लागला. डॉक्टरबाईंची वीस मिनिटं आली. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालून न थरथरणारी ती बाई एकाच जागी चौदा वेळा अडली होती, आणि मधे एकदा तिने स्वतःला इतकी घाण शिवी दिली की मला कानांवर विश्वास बसेना. मिस्त्रीचं आलं, त्यात मागे कुणाच्या तरी घरातलं पाणी वाहत होतं. गुरुवारपर्यंत आणखी तिघांची आली. एकाने काहीच पाठवलं नाही, तो काही पुन्हा आला नाही. वहिनी एकेक ऐकत होती, दगडासारखी बसून, मान तिरकी करून. किती तरी दिवसांनी ती तशी बसली होती. प्रत्येकाला सांगण्यासारखं तिच्याकडे ढीगभर होतं आणि ती एकच सांगत होती.

शुक्रवारी सकाळी तिने शाळेला फोन करून नाही म्हटलं. पलीकडून काहीतरी कारण विचारलं असावं. ती म्हणाली, माझ्याकडे पाच विद्यार्थी आहेत. पलीकडे बहुधा कुणी हसलं. तिने फोन ठेवला. दादा म्हणाला, बरं झालं, आणि चटई पुन्हा जागेवर अंथरली.

दुपारी मी एका गिऱ्हाइकाच्या पँटची उंची मापत होते, तोंडात टाचण्या. भिंतीपलीकडून व्हायोलिन सुरू झालं. पहिली ओळ नाही. दुसरी नाही. तिसऱ्या ओळीचे शेवटचे दोन सूर, आणि हात वर गेला, घसरला. पुन्हा तेच दोन सूर, पुन्हा घसरला, पण कमी. गिऱ्हाईक काहीतरी विचारत होतं, मी हाताने गप्प राहा म्हणून सांगितलं. सातव्यांदा की आठव्यांदा हात वर गेला आणि थांबला नाही. जरा बेसूर, जरा घाईत, पण पुढे गेला. मी आजवर न ऐकलेलं काहीतरी वाजायला लागलं.

आणि लगेच संपलं. जेमतेम दोन ओळी असतील. मी टाचण्या तोंडातून काढल्या आणि वाट बघत राहिले, अजून असेल म्हणून. नव्हतं. बावीस वर्षं वहिनी दोन ओळींच्या अलीकडे थांबत आली होती.

गिऱ्हाइकाने विचारलं, ताई, बरं वाटत नाहीये का? मी म्हटलं, सरळ उभे राहा, उंची चुकेल.